‘समुपदेशकाला भेट’ म्हटलं की मित्र ‘नको’ का म्हणतो?

मित्राला महिनाभर धड झोप नाही, कामात चुका होताहेत, फोन केला तर उचलत नाही. आपण काळजीपोटी म्हणतो, ‘तू एखाद्या समुपदेशकाला भेट.’ तो चटकन म्हणतो, ‘मला काही झालेलं नाही!’ आपल्याला वाटतं, हा हट्टीपणा आहे. पण दोष आपल्या वाक्यातही असतो.

जॅक ब्रेहम या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली मांडलं की, आपलं निवडीचं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस ते परत मिळवायला धडपडतो. सल्ला चांगला असला तरीही. त्यातून अडचणीतला माणूस बहुधा द्विधा असतो. ‘कुणाशी तरी बोलावं’ आणि ‘कशाला उगाच’ या दोन्ही बाजू त्याच्याच मनात असतात. आपण पहिली बाजू उचलून धरली की त्याच्या वाट्याला दुसरी उरते आणि तो तीच मांडू लागतो. माणसाला स्वतःच्या तोंडून ऐकलेलं जास्त पटत जातं, म्हणून आपण जितका आग्रह करू तितका त्याचा नकार पक्का होतो.

मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या समस्येसाठी संवादाची एक पद्धत मांडली, ती नेमकी या आग्रहाच्या उलट जाते. १९९३ च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की, समुपदेशक जितका वाद घाली, तितकं त्या माणसाचं पिणं वर्षभरानंतरही जास्त असे. प्रशिक्षित माणसाच्या आग्रहाची ही गत, तर आपली काय कथा!

मग बोलायचं कसं? आधी परवानगी घ्यावी: ‘एक सुचवू का? नाही पटलं तर सोडून दे.’ त्याआधी त्याचं ऐकलेलं असावं. तो म्हणाला, ‘रात्री तीनला जाग येते, मग तेच तेच विचार,’ तर निदान करू नये. ‘म्हणजे दिवसभर थकलेला आणि रात्री डोकं थांबत नाही,’ एवढंच म्हणावं. मग विचारावं, ‘यातलं काय आधी हलकं व्हावंसं वाटतं?’ तो म्हणाला, ‘झोप,’ तर समुपदेशकाचा विषय झोपेपासूनच काढावा: ‘झोप आणि हे विचार यांवर समुपदेशक काम करतात. एकदा बोलून बघायचं का? नंबर मी शोधून देऊ, की तू बघशील?’ इथे त्याच्यात काही बिघडलंय असं कुठेच येत नाही. जागरण ही अडचण आहे, आणि निवड त्याची आहे.

तो ‘पण...’ म्हणू लागला की समजावं, आपण रेटतोय. तिथेच थांबून पुन्हा ऐकावं. ‘सकारात्मक विचार कर’ हा सध्याचा मंत्र तर मुळीच देऊ नये. अंगाऱ्याने ताप उतरत नाही, तसं त्याने हे विचार थांबत नाहीत.

मात्र ‘जगण्यात अर्थ नाही’ असं तो बोलू लागला तर हा हळुवारपणा बाजूला ठेवावा. ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी सोबत डॉक्टरकडे जावं.