"साडेनऊला बोलू"

ठाण्यात कोपरीला राहणारं माझ्या ओळखीचं एक जोडपं. तो ऐरोलीहून कामावरून आला की चपला काढता काढताच दिवसभराचं सगळं सांगून मोकळा होतो: साहेब काय बोलले, कशाचं वाईट वाटलं, कशाची धास्ती आहे. ती अबोल. भावाशी जमिनीवरून वाजलं, तेव्हा तिनं आठवडाभर अवाक्षर काढलं नाही. "मला नाही सांगणार, तर कुणाला सांगशील?" तो विचारत राहिला, ती भांडी घासत राहिली. शेवटी तो चिडला आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

मानसशास्त्रज्ञ याला 'मागणी आणि माघार' म्हणतात. एकाचा आग्रह वाढला की दुसरा मागे सरतो, आणि तो मागे सरला म्हणून पहिल्याचा आग्रह आणखी वाढतो. सुरुवात समोरच्यानं केली, असं दोघांनाही मनापासून वाटतं.

गप्प बसणाऱ्याला काही वाटतच नाही, हा समज मात्र बऱ्याचदा चुकीचा असतो. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवलं, मतभेदाच्या विषयावर बोलायला लावलं आणि त्यांचे हृदयाचे ठोके मोजले. वरून दगडासारख्या दिसणाऱ्या माणसाचं काळीज आतून धडधडत असू शकतं. ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले, की समोरच्याचं बोलणं नीट ऐकून घेणं जड जातं, असं गॉटमन सांगतात. अशा वेळी "बोल ना" म्हणणं म्हणजे धाप लागलेल्याला पळ म्हणण्यासारखं आहे.

शरीर शांत व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात. पण ती वीस मिनिटं "असं कसं बोलला हा!" हेच मनात घोळवत काढली, तर उपयोग होत नाही. कपड्यांच्या घड्या घालाव्यात, काहीतरी वाचावं.

या दोघांनी नंतर एक गोष्ट बदलली. आता ती नुसती उठून जात नाही, "आत्ता नाही जमणार, साडेनऊला बोलू" असं सांगून जाते. वेळ तिनंच द्यायची आणि पाळायचीही तिनंच, कारण वेळ न सांगता घेतलेली विश्रांती त्याला माघारच वाटते. त्यानं तोवर विचारायचं नाही. त्याला हे फार कठीण गेलं, पहिल्या दिवशी तो दोनदा दारापर्यंत जाऊन परतला.

मनगटावर पंधरा सेकंद नाडी मोजली आणि ठोके पंचवीसच्या वर असले, तर थांबायची वेळ झाली. जिना चढून आल्यावर मात्र हा हिशेब लागू नाही. आणि शिक्षा म्हणून धरलेला अबोला किंवा घरातल्या भीतीनं आलेलं मौन, ही दुखणी वेगळी. तिथे वीस मिनिटांनी काही होणार नाही.

त्या पहिल्या दिवशी रात्री साडेनऊला दोघं तलावपाळीला गेली. शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नव्हती. दुसऱ्या फेरीला ती म्हणाली, "दादानं सही मागितली तेव्हा आई तिथेच होती. ती काहीच बोलली नाही रे." तो फक्त "हं" म्हणाला आणि चालत राहिला.