हँगमनमध्ये आधी काना विचारायचा की र?

हिवाळ्यात यावलकडे शेतात भरीत पार्टी होती. वांगी भाजली जाईपर्यंत पोरांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हँगमन मांडला, म्हणजे लपवलेला शब्द एकेक चिन्ह विचारून ओळखायचा आणि चिन्ह त्यात नसलं की एक जीव जातो, आणि शब्द कोणते, तर फक्त जळगाव जिल्ह्यातले 15 तालुके. भाची म्हणे मामा, पहिलं काय विचारू? मी म्हटलं आधी चौकोन मोज.

इथे एक चौकोन म्हणजे एक अक्षर, जोडाक्षर असलं तरी एकच. व्यंजन वेगळं विचारायचं, मात्रा वेगळी. "काना" म्हटलं की जिथे जिथे ा आहे ते सगळे चौकोन उघडतात. काना-मात्रा म्हणजे ो, ते वेगळं चिन्ह, त्यात काना धरायचा नाही (यावरून भांडणं होतात म्हणून आधीच ठरवून घ्या). मोजणी कॉम्प्युटरवर सोपवली तर अजून घोळ, कारण तो अक्षरं मोजत नाही, चिन्हं सुटी सुटी मोजतो. मुक्ताईनगर आपल्याला 6 चौकोन, त्याला 10.

तसंही 6 चौकोनांचा तालुका तो एकच, म्हणजे चौकोन मांडले की खेळ खल्लास. 5 चौकोनांचे तीन आहेत, 4 चे सहा आणि 3 चे पाच. तीनवाले घेऊ: चोपडा, यावल, रावेर, पारोळा, पाचोरा.

आता यात काना पाचही नावांत आहे. पोरांना वाटलं मग विचारून उपयोग काय, तो तर असणारच. पण खरी गंमत इथेच आहे, कारण आहे की नाही एवढंच कळत नाही, कुठे आहे तेही कळतं. काना फक्त शेवटी उघडला तर चोपडा, फक्त पहिल्या चौकोनात उघडला तर यावल किंवा रावेर, पहिल्या आणि तिसऱ्यात उघडला तर पारोळा किंवा पाचोरा. एकही जीव न घालवता पाचाचे तीन गट पडले. ो विचारला असता तरी गट अगदी हेच पडतात, पण यावल-रावेरमध्ये ो नाहीच, म्हणजे तिथे एक जीव जातो. माहिती तेवढीच मिळाली आणि वरून दंड भरला.

मग एक हुशार पोरगं म्हणे र विचारा, आणि त्याचं वरवर बरोबरच होतं. र विचारला तर रावेर, पारोळा, पाचोरा तिन्ही लगेच वेगळे ओळखू येतात कारण प्रत्येकात र वेगळ्या जागी आहे, आणि चोपडा-यावलमध्ये तो नाहीच. चार गट, म्हणजे कान्यापेक्षा जास्त. पण हँगमनमध्ये किती वेळा विचारलं ते कोणी मोजत नाही, किती वेळा चुकलं ते मोजतात! र आधी घेतला तर पाचातल्या दोन नावांवर जीव जातो. काना आधी आणि र नंतर घेतला तर पारोळा-पाचोरा फुकटात सुटतात, कारण र दोघांत आहे पण जागा वेगळी, आणि यावल-रावेरमध्ये र लागला तर रावेर, नाही लागला तर यावल. म्हणजे जीव फक्त यावलवर जातो, पाचात एकदा. (तिथे व विचारू नका, दोघांतही तो मधल्याच चौकोनात आहे, काहीच कळत नाही.)

4 चौकोन आले की कान्याचा रुबाब उतरतो. जळगाव, भुसावळ, जामनेर, भडगाव, बोदवड, एरंडोल, यात बोदवड आणि एरंडोलमध्ये काना नाही. काना आधी घेतला तर सहापैकी तीन नावांवर एकेक जीव जातो, वरची दोन आणि जळगाव-भडगावपैकी एक. पण ड आधी घेतला तरी तीनच! भडगाव, बोदवड, एरंडोल तिघांत ड वेगवेगळ्या जागी आहे, आणि उरलेले तीन मग कान्याच्या जागेवरून सुटतात. एखादं चिन्ह वापरात किती दुर्मिळ आहे यापेक्षा या यादीत कुठे बसतं ते बघायचं, असं ड बघून कळतं.

यादी ठरलेली नसेल तर अंदाज कशावर बांधायचा हे जपून ठरवावं लागतं. कोणतं चिन्ह किती वेळा येतं हे शब्दकोशातून मोजलं तर करणे, बसणे, उठणे असल्या णे-वाल्या क्रियापदांमुळे एक मात्रा उगाच फुगते, आणि पेपरातून मोजलं तर "आहे" शंभरदा मोजला जातो, तो कोणी हँगमनला देत नाही. एक शब्द एकदाच मोजायचा, तोही समोरचा देईल असाच.

भरीत खाऊन झाल्यावर भाचीने धुळे जिल्हा मांडला, 2 चौकोन. धुळे की साक्री? दोघांत एकही चिन्ह सारखं नाही. 4 चौकोनांत शिरपूर आणि शिंदखेडा, तिथे श आणि पहिली वेलांटी सारखी, पण दोन्ही पहिल्याच चौकोनात. म्हणजे काहीही विचारा, निम्म्या वेळा जीव जाणारच.