शून्य सहसंबंध म्हणजे संबंधच नाही?

सेकंदाला 20 मीटर वेगानं चेंडू फेकला, हवेचा विरोध सोडून दिला आणि फक्त फेकण्याचा कोन बदलत गेलो, तर चेंडू किती लांब पडेल हे कॉलेजच्या भौतिकशास्त्रातल्या सूत्रानं काढता येतं. 15 अंशांना 20.4 मीटर, 30 ला 35.3, 45 ला 40.8. त्यापुढे उतरण लागते: 60 ला पुन्हा 35.3 आणि 75 ला पुन्हा 20.4. कोन कळला की अंतर ठरलंच, याहून पक्का संबंध कुठला असणार? तरीही दोन राशी किती एकसाथ वाढतात-घटतात हे सांगणारा पिअर्सन सहसंबंध गुणांक या पाच जोड्यांसाठी काढला तर तो नेमका शून्य येतो.

कसा, ते हिशेब मांडला की दिसतं. कोनांची सरासरी 45 आहे. प्रत्येक कोन तिच्यापासून किती दूर? −30, −15, 0, 15, 30. अंतरांची सरासरी 30.44, आणि तिच्यापासूनचे फरक −10.04, 4.86, 10.36, 4.86, −10.04. आता समोरासमोरचे फरक गुणायचे: 301.2, −72.9, 0, 72.9, −301.2. यांची बेरीज शून्य. पिअर्सनच्या सूत्राचा अंश म्हणजे हीच बेरीज; छेदाचं काम उत्तर −1 ते 1 मध्ये बसवण्याचं. डाव्या अर्ध्यातल्या चढणीनं जे मिळवलं ते उजव्या अर्ध्यातल्या उतरणीनं पुरतं फेडून टाकलं.

कार्ल पिअर्सन यांनी 1890 च्या दशकात या गुणांकाला आजचं रूप दिलं. जोड्या आलेखावर मांडल्या तर त्यांचे ठिपके एका सरळ रेषेच्या किती जवळ आहेत, एवढंच तो मोजतो. चार्ल्स स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञानं 1904 मध्ये वेगळी वाट धरली: मूळ आकडे बाजूला ठेवायचे, त्यांना लहान-मोठेपणानुसार क्रम द्यायचे आणि क्रमांचा सहसंबंध काढायचा. त्यामुळे रेषा वाकडी असली तरी चालते, फक्त ती सतत चढती किंवा सतत उतरती हवी. आपल्या चेंडूच्या कोन-अंतराची रेषा तशी नाही. अंतरांचे क्रम लागतात 1.5, 3.5, 5, 3.5, 1.5 (समान आकड्यांना क्रमांची सरासरी), आणि स्पिअरमनही शून्यच येतो. म्हणजे ‘पिअर्सन शून्य आला, मग स्पिअरमन काढून बघू’ हा नेहमीचा उपाय इथे उपयोगाचा नाही. 15, 30 आणि 45 एवढेच कोन घेतले तर मात्र पिअर्सन 0.97 आणि स्पिअरमन पूर्ण 1. चेंडू तोच, नियमही तोच, पाहिलेला टप्पा तेवढा बदलला. म्हणूनच गुणांक सांगताना आकडे कुठून कुठपर्यंतचे होते हे सांगितलं नाही, तर तो अर्धवट आहे असं मी समजतो.

मग स्पिअरमन कुठे कामाला येतो? कोन 45 वर कायम ठेवून वेग बदलू: 5, 10, 15, 20, 25. अंतरं 2.6, 10.2, 23.0, 40.8, 63.8 मीटर. अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, रेषा वाकते, म्हणून पिअर्सन 0.98, क्रम तंतोतंत जुळतात, म्हणून स्पिअरमन 1. फरक किरकोळ आहे. पण समजा नोंद करणाऱ्यानं दुसरं अंतर चुकून सेंटिमीटरमध्ये लिहिलं, 10.2 ऐवजी 1020. पिअर्सन थेट −0.31 वर जातो, म्हणजे वेग वाढला की अंतर घटतं असं सुचवू लागतो! स्पिअरमन 0.40 वर येतो. त्यालाही धक्का बसला, कारण पाचातली एक नोंद भलत्याच क्रमावर गेली. पण ती 102 असो की 1020, त्याच्या लेखी ती फक्त ‘सर्वांत मोठी’. दोन गुणांकांत असं मोठं अंतर दिसलं, की आधी ठिपक्यांचा आलेख काढून एखादा ठिपका रानात गेलाय का ते पाहावं. एक्सेलचं `CORREL` पिअर्सनच देतं. स्पिअरमन हवा असेल तर `RANK.AVG` नं दोन्ही रकान्यांचे क्रम काढून त्यांच्यावर `CORREL` लावावं.

दोन राशींचा एकमेकींशी खरोखर काहीच संबंध नसेल, तर भरपूर नोंदींवर दोन्ही गुणांक शून्याजवळ येतात. उलट दिशेनं मात्र असं म्हणता येत नाही. शून्य पिअर्सनमधून इतकंच कळतं, की या टप्प्यात सरळ रेषेचा कल दिसला नाही. स्पिअरमनही शून्य असेल, तर एकंदर चढ किंवा उतारही दिसला नाही.

आणि नोंदी थोड्या असतील तर एवढंही ठामपणे म्हणता येत नाही. प्रचलित 5 टक्क्यांच्या कसोटीवर, 10 जोड्यांमध्ये पिअर्सन 0.63 च्या पुढे गेल्याशिवाय तो योगायोगापेक्षा वेगळा धरत नाहीत. 100 जोड्या असतील तर 0.20 च्या आसपास पुरतं. म्हणून दहा जणांच्या पाहणीत 0.1 आला, तर खरा संबंध शून्य असू शकतो आणि चांगला 0.5 सुद्धा असू शकतो. त्या दोहोंत निवड करायची तर आणखी नोंदी घ्याव्या लागतील.