एका हेडचे उरलेले पैसे दुसऱ्या हेडला वळवायचेत? आधी डोनरला पत्र

आमच्याकडे हिशेब असलेल्या बऱ्याच संस्थांचा हाच फोन येतो, प्रवासाचे पैसे उरलेत, ट्रेनिंगला कमी पडतायत, वापरले तर चालतील का. आधी ग्रँटचं ॲग्रीमेंट काढून बघा. बऱ्याच ॲग्रीमेंटमध्ये १० टक्क्यांपर्यंत न विचारता फिरवायची सूट असते, पण ते १० टक्के कशाचे, एका हेडचे की पूर्ण ग्रँटचे, हे नीट वाचा, सगळी गडबड तिथेच होते.

समजा ग्रँट १२ लाखांची, १२ महिन्यांची. प्रवासाला २ लाख, ट्रेनिंगला ३ लाख मंजूर. ८ महिन्यांत प्रवासाचे ७० हजारच गेले म्हणजे १ लाख ३० हजार शिल्लक दिसतात. पण थांबा, १५ हजारांची बिलं अजून द्यायचीत आणि पुढच्या ४ महिन्यांच्या भेटींना ४० हजार लागणार, म्हणजे खरे मोकळे ७५ हजारच. हे न बघता १ लाख ३० हजार मागितले की शेवटी प्रवासच तोट्यात जातो, आणि परत पत्र लिहायला तोंड राहत नाही.

आता हे ७५ हजार पूर्ण ग्रँटच्या सव्वासहा टक्के, पण प्रवास हेडच्या साडेसदतीस आणि ट्रेनिंगच्या २५ टक्के. सूट पूर्ण ग्रँटवर असेल तर नुसतं कळवून भागेल, हेडवर असेल तर परवानगी हवीच.

पत्र एका पानाचंच ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे का उरले. "खर्च झाला नाही" एवढंच लिहिलं तर डोनरला वाटतं कामच झालं नाही. असं लिहा:

"ट्रेनर जवळपासचेच मिळाल्याने प्रवासखर्च वाचला, ठरलेल्या सर्व भेटी झाल्या आहेत किंवा होणार आहेत. वाचलेल्या ७५,००० मधून ट्रेनिंगची एक जादा बॅच घ्यायची आहे. प्रवास २,००,००० वरून १,२५,००० आणि ट्रेनिंग ३,००,००० वरून ३,७५,००० करण्यास परवानगी द्यावी. एकूण ग्रँट व मुदत तीच राहील."

खाली छोटा तक्ता, मंजूर, झालेला खर्च, देणं बाकी, बदल, नवी रक्कम. ॲग्रीमेंटचा नंबर आणि खर्च कोणत्या तारखेपर्यंतचा तेही टाका. पगार किंवा ऑफिसखर्चाकडे पैसे वळवायचे असतील तर जास्त प्रश्न येतील, त्याची तयारी ठेवा (बऱ्याच डोनरनी ऑफिसखर्चाला वरची मर्यादा घातलेली असते, ती ओलांडायला सहसा मिळत नाही).

पत्र मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी जाऊ द्या, आणि उत्तर येईपर्यंत ती बॅच बुक करू नका, कारण परवानगीच्या तारखेआधीचं बिल ऑडिटर नाकारू शकतो. फोनवर "हो चालेल" म्हणाले तर त्याच दिवशी मेल टाकून लेखी होकार मागवा. तो आला की प्रिंट काढून व्हाउचरच्या फाइलला लावा, आणि आम्हालाही पाठवा म्हणजे पुढचा रिपोर्ट नव्या आकड्यांवर बनवता येईल.