‘पूर्ण’ म्हणजे नेमके किती? टाउनहॉलच्या आकड्यामागची गोष्ट

कंपनीतल्या सगळ्यांच्या सभेचे, म्हणजे टाउनहॉलचे रेकॉर्डिंग पाठवून आठवडा झाला की एचआर समन्वयकाची दोन ओळींची मेल येते: ‘इतक्या जणांनी पूर्ण पाहिले, उरलेल्यांनी कृपया पाहावे.’ यातला ‘पूर्ण’ हा शब्द मूळचा सभेचा नाही. ‘टाउनहॉल’ हे नाव अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये 17व्या शतकापासून भरणाऱ्या गावसभांशी जोडलेले आहे. तिथे माणूस सभेला यायचा, बोलायचा, मत द्यायचा.

‘पूर्ण’ आला विमान उद्योगातून. संगणकावरचे प्रशिक्षण सगळीकडे सारखे चालावे म्हणून 1988 मध्ये त्या उद्योगाने एआयसीसी ही समिती स्थापली. धडा आणि नोंद ठेवणारी यंत्रणा यांनी एकमेकांशी कसे बोलायचे, याचे नियम तिने ठरवले. तेच पुढे स्कॉर्म या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या मानकाने उचलले. 2001 च्या स्कॉर्म 1.2 मध्ये `cmi.core.lesson_status` या एकाच रकान्यात `completed` आणि `passed` दोन्ही बसत. ‘संपवले’ आणि ‘जमले’ यांची ही सरमिसळ स्कॉर्म 2004 ने दोन वेगळे रकाने करून सोडवली. टाउनहॉलला परीक्षा नसते, त्यामुळे आपल्या वाट्याला फक्त ‘संपवले’ उरले.

ती खूणही नावापुढे कधी लागते, हे व्हिडिओ चढवणारा ठरवतो. शेवटी आभार आणि रिकामी पाटी असते, तिथे बरेच जण खिडकी बंद करतात. म्हणून 100 ऐवजी 90 टक्क्यांची अट ठेवणे शहाणपणाचे. मात्र यंत्रणा नुसती शेवटची जागा बघत असेल, तर पट्टी ओढून शेवटाला नेणाराही ‘पूर्ण’ ठरतो. एक तासाचा व्हिडिओ कुणी चार मिनिटांत संपवलेला दिसला, की समजावे. पाहिलेले तुकडे मोजणारी यंत्रणा या युक्तीला फसत नाही. पण व्हिडिओ चालू ठेवून चहाला गेलेला तिलाही सापडत नाही, आणि एकाच लॉगिनवर पाच जणांनी पाहिले तरी ती एकच धरते.

खरी गफलत होते ती भागाकारात. समजा, यादीत 400 जण आहेत. 150 जण सभेला प्रत्यक्ष हजर होते, म्हणजे रेकॉर्डिंग 250 जणांसाठी. त्यांतल्या 210 जणांनी लिंक उघडली, 170 जणांनी पूर्ण पाहिले. 400 ने भागले तर 42.5 टक्के, 250 ने भागले तर 68, आणि 210 ने भागले तर जवळपास 81. तिन्ही आकडे खरे आहेत. वरिष्ठांना बहुधा तिसरा आवडतो, आणि मेलमध्ये तोच जातो. माझ्या मते 68 पाठवावा आणि शेजारी लिहावे: ‘हजर असलेले 150 वगळून.’ लिंकच न उघडलेले 40 आणि मध्येच सोडलेले 40 वेगवेगळे दाखवावेत. पहिल्यांना आठवण करून देता येते. दुसऱ्यांनी कोणत्या मिनिटाला सोडले, ते आधी पाहावे लागते.