आईच्या आधारवर मुलाचा पत्ता: कुटुंबप्रमुखामार्फत पत्ता कसा बदलायचा आणि छापून आलेला कसा तपासायचा

मावसा गेल्यावर मावशी रेणापूर तालुक्यातलं गाव सोडून लातूरला मुलाकडे राहायला आली. बँकेत केवायसीसाठी नवा पत्ता मागितला, आणि घरात शोधाशोध सुरू झाली. लाईट बिल मुलाच्या नावावर, गॅसची टाकी सुनेच्या नावावर, मावशीच्या नावावर लातुरात एक कागद नाही. आपल्याकडे बहुतेक म्हाताऱ्या माणसांची आणि नव्या सुनांची हीच गत असते. गावाकडे तर मीटर अजून आजोबांच्याच नावावर चालू असतं.

आधारवरचा पत्ता बदलण्याचे मुख्य मार्ग दोन. तुमच्या स्वतःच्या नावाचा पत्त्याचा पुरावा असेल तर तो देऊन, आणि नसेल तर कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून.

पहिला मार्ग थोडक्यात सांगतो. वीज, पाणी किंवा गॅसचं बिल चालतं, पण ते तीन महिन्यांच्या आतलं आणि अर्जदाराच्याच नावाचं हवं. मतदार कार्ड, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार हेही चालतात. नोटरीकडून शंभराच्या बॉण्डवर करून घेतलेल्या कागदाच्या भरवशावर मात्र राहू नका. गावात सरपंचाचा किंवा ग्रामसेवकाचा दाखला चालतो, फक्त तो ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या लेटरहेडवरचा रहिवासी दाखला नव्हे. आधारचा स्वतःचा ठरलेला नमुना आहे. त्यावर फोटो चिकटवून, सही आणि शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर येईल असा घ्यावा लागतो, आणि दाखला दिल्यापासून तीन महिनेच तो उपयोगी. लेटरहेडवरचा दाखला घेऊन केंद्रावरून परत आलेली माणसं मी बरीच पाहिलीत.

मावशीसाठी आम्ही दुसरा मार्ग धरला. २०२३ पासून तो ऑनलाईन आहे. यातला कुटुंबप्रमुख म्हणजे रेशन कार्डावर पहिलं नाव असलेली व्यक्ती असा अर्थ नाही. अठरा वर्षांवरचा, नात्यातला आणि ज्याच्या आधारवरचा पत्ता तुम्हाला तुमच्या आधारवर हवा आहे तो. मुलगा आईचा कुटुंबप्रमुख होऊ शकतो, नवरा बायकोचा, बाप मुलीचा. लातुरात मावशीचा मुलगाच असल्यामुळे प्रश्न नव्हता.

नात्याचा पुरावा लागतो. रेशन कार्ड, मुलाची गुणपत्रिका, लग्नाचा दाखला, पासपोर्ट यांसारखा कागद, ज्यावर दोघांचीही नावं आणि नातं दिसतं. इथे आम्ही अडकलो. मुलाने दहा वर्षांपूर्वी विभक्त रेशन कार्ड काढलं होतं, त्यावर आईचं नाव नाही. गुणपत्रिकेवर आईचं नाव होतं, पण नुसतं ‘कमल’, आणि आधारवर ‘कमलबाई’. असा कागद लावून नाकारला जाण्यापेक्षा आम्ही कुटुंबप्रमुखाचं स्वयंघोषणापत्र लावलं. नात्याचा धड कागदच नसेल तर आधारच्या नमुन्यात ते चालतं. ते मुलाने, म्हणजे ज्याचा पत्ता घ्यायचा त्याने, भरून सही करायचं असतं. आईची सही त्यावर कामाची नाही.

मग अर्ज. myaadhaar.uidai.gov.in वर मावशीचा आधार क्रमांक टाकला, ओटीपी तिच्या मोबाईलवर आला. इथेच निम्म्या लोकांचं काम थांबतं, कारण आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो किंवा गावाकडच्या कुण्या भाच्याचा असतो. तसं असेल तर ऑनलाईनच्या नादी लागू नका. आधार केंद्रावर जा, आणि कुटुंबप्रमुखालाही सोबत न्या, तिथे त्याचंही बोट लागतं. आमचं नशीब बरं, मावशीचा नंबर चालू होता.

आत Address Update मध्ये Head of Family (HoF) based Address Update निवडलं. मुलाचा आधार क्रमांक, नातं, घोषणापत्राचा स्वच्छ रंगीत स्कॅन, आणि पैसे. ऑक्टोबर २०२५ पासून नाव-पत्त्यासारख्या बदलाला ७५ रुपये लागतात, आधी ५० होते. पैसे गेले की एक एसआरएन क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्यावरच होते.

पण अर्ज भरून काम संपत नाही. मुलाला मेसेज येतो, आणि त्याने स्वतःच्या आधारने लॉगिन करून My Head of Family Requests मध्ये जाऊन होकार द्यायचा असतो. मुदत ३० दिवसांची. दिला नाही किंवा नाकारला तर अर्ज बंद, आणि ७५ रुपये परत मिळत नाहीत. मुलगा पुण्यात नोकरीला आणि मेसेज कुठल्यातरी जाहिरातीचा समजून पुसून टाकला, असं सहज होतं. म्हणून अर्ज भरला त्याच संध्याकाळी फोन करून होकार घ्या.

आता आमची खरी फजिती. दोन आठवड्यांनी मंजुरीचा मेसेज आला. मी ई-आधार डाऊनलोड केलं. पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मसाल, म्हणजे KAMAL नावाला आणि १९५२ सालाला KAMA1952. उघडून पाहतो तर फ्लॅट क्रमांक २१. मावशी राहते १२ मध्ये. आणि मराठीत ‘खाडगाव रोड’ ऐवजी ‘खडगाव रोड’.

अर्जात मी पत्ता टाईपच केला नव्हता. या मार्गात पत्ता लिहायचाच नसतो, कुटुंबप्रमुखाच्या आधारवर जसा आहे तसा तो उचलला जातो. मुलाने चार वर्षांपूर्वी पत्ता बदलून घेतला तेव्हाच २१ पडलं होतं, आणि त्याने तेव्हापासून आजपर्यंत ते कार्ड नीट वाचलं नव्हतं. “चालतंय की भाऊ, सगळीकडं तेच कार्ड देतो,” असं त्याचं म्हणणं. चालत होतं, कारण कुरियरवाला फोन करून येतो. बँकेचं चेकबुक पोस्टाने येतं, तेव्हा पोस्टमन २१ नंबरचीच बेल वाजवणार.

आता दुरुस्तीची उतरंड पाहा. आधी मुलाचा पत्ता, कारण झरा तिथे आहे. त्याने महावितरणच्या चालू बिलावर कागदपत्राच्या मार्गाने अर्ज केला, ७५ रुपये. तो मंजूर झाल्यावरच मावशीचा अर्ज पुन्हा, आणखी ७५. मावशीच्या पहिल्या अर्जाचे ७५ धरून २२५ रुपये आणि जवळपास दोन महिने. आधी मुलाचं ई-आधार उघडून वाचलं असतं, तर १५० रुपयांत, एकेका अर्जात भागलं असतं.

कागदपत्राच्या मार्गात पत्ता भरताना एक गोष्ट बारकाईने बघायची. तुम्ही इंग्रजीत लिहिता आणि शेजारी मराठी आपोआप उमटतं. संगणकाला Khadgaon मधला पहिला a ऱ्हस्व की दीर्घ हे कळत नाही, Renapur मधला n ण आहे हेही कळत नाही, म्हणून खडगाव, रेनापूर अशी रूपं येतात. मराठीच्या चौकटीत क्लिक करून ते दुरुस्त करता येतं, पण मुळात तिकडे बघायला हवं. बहुतेक जण इंग्रजी वाचतात आणि पुढे जातात. गाव, पोस्ट आणि जिल्हा हे पिनकोडवरून यादीतून येतात, ते हाताने टाईप होत नाहीत. तेव्हा पिन आधी पक्का करा. लातूर शहराचा ४१३५१२, उदगीरचा ४१३५१७, अंबाजोगाईचा ४३१५१७. शेवटचे दोन एकमेकांत मिसळायला फार सोपे आहेत. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिवच्या लोकांचे जुने कागद औरंगाबाद, उस्मानाबाद नावाचे आहेत. नाव बदललं तरी पिन तोच राहिला, त्यामुळे तिथेही पिनवरूनच चाला.

मावशीचा दुसरा अर्ज मंजूर झाला तेव्हा आम्ही अशी पडताळणी केली. ई-आधार मोबाईलवर न बघता कागदावर छापलं, शेजारी लाईट बिल ठेवलं, आणि मुलाने मोठ्याने वाचलं, मी बिलावर बोट ठेवत गेलो. आधी घर क्रमांक, मग रस्ता, मग पोस्ट, शेवटी पिनचे सहा आकडे एकेक करून. पुन्हा तेच मराठीत. डोळ्यांनी नुसतं चाळलं तर १२ आणि २१ मध्ये फरक जाणवत नाही, हे आम्ही चार वर्षं अनुभवलं होतं.

त्यानंतर क्यूआर कोड. त्यात पत्ताही साठवलेला असतो, आणि आधारच्या अॅपमधून स्कॅन केला की पडद्यावर येतो. छापील ओळ आणि स्कॅनमधली ओळ जुळली म्हणजे कागद बरोबर. मावशीच्या पिशवीतलं जुनं लॅमिनेट केलेलं कार्ड स्कॅन केलं तर अजून गावचाच पत्ता येतो, तो तसाच येत राहणार. तो कोड त्या दिवशीच्या माहितीचा आहे, मागे बसून बदलत नाही. म्हणून ते कार्ड आम्ही बाजूला काढलं, नाहीतर मावशी सवयीने तेच पुढे करते.

साइटवर Verify Aadhaar नावाची सोय आहे. तिथे हिरवी खूण दिसली की पत्ता बरोबर झाला असं काही जण समजतात. तिथे फक्त आधार क्रमांक चालू आहे का, वयोगट, स्त्री की पुरुष, राज्य आणि मोबाईलचे शेवटचे तीन आकडे एवढंच दिसतं. राज्य महाराष्ट्र आधीही होतं, आताही आहे. फ्लॅट २१ असतानाही तिथे सगळं ठीकच दिसत होतं.

प्लास्टिकचं पीव्हीसी कार्ड मागवायचं ते या सगळ्यानंतर. ते स्पीड पोस्टने आधारवरच्याच पत्त्यावर येतं आणि त्याचे पैसे वेगळे लागतात, त्यामुळे चुकीच्या पत्त्यावर चुकीचंच कार्ड मागवण्यात अर्थ नाही. आणि आधारचा पत्ता बदलला म्हणून मतदार यादीतलं नाव गावातून लातूरला येत नाही, त्यासाठी फॉर्म ८ वेगळा भरावा लागतो. रेशन कार्डाचंही तसंच. मावशीने मतदान गावातच ठेवलंय. जमीन तिकडे, भावकी तिकडे, आणि सरपंच पुतण्या आहे.