हॅनोईचे मनोरे

तीन खुंट्या आणि मधोमध भोक असलेल्या, लहान-मोठ्या आकारांच्या काही चकत्या घेऊन खेळायचे कोडे. सुरुवातीला सर्व चकत्या एकाच खुंटीवर, सर्वांत मोठी तळाशी आणि सर्वांत लहान माथ्यावर, अशा रचलेल्या असतात. हा मनोरा जसाच्या तसा दुसऱ्या एका खुंटीवर न्यायचा. एका वेळी एकच चकती, तीही एखाद्या खुंटीवरची सर्वांत वरची, उचलता येते आणि मोठी चकती लहान चकतीवर कधीच ठेवता येत नाही. फ्रेंच गणितज्ञ एद्वार ल्यूका याने १८८३ मध्ये हे कोडे खेळणे म्हणून बाजारात आणले. त्यावर त्याने स्वतःचे नाव न घालता ‘एन. क्लॉस’ असे टोपणनाव घातले होते. ‘क्लॉस’ हे त्याच्याच आडनावातील अक्षरांची उलटापालट करून बनवलेले आहे. आज हे कोडे मुख्यतः संगणकशास्त्राच्या वर्गात भेटते, कारण रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच बोलावणारे फंक्शन, शिकवण्यासाठी याच्याइतके नेमके उदाहरण क्वचितच सापडते.

उकलीची कल्पना तळाच्या चकतीपासून सुरू होते. खुंट्यांना A, B, C म्हणू. मनोरा A वरून C वर न्यायचा आहे. तळाची चकती हलवायची तर तिच्यावर काहीही असता कामा नये, आणि ती जिथे ठेवायची ती C खुंटीही मोकळी हवी, कारण बाकीची प्रत्येक चकती तिच्याहून लहान आहे. म्हणजे उरलेल्या सगळ्या चकत्या त्या क्षणी B वरच असायला हव्यात. तेव्हा आधी वरचा मनोरा B वर न्यावा, मग मोठी चकती C वर ठेवावी, आणि शेवटी B वरचा मनोरा तिच्या डोक्यावर आणावा. वरचा मनोरा कसा न्यायचा, याचे उत्तर तेच: एक चकती कमी असलेले हेच कोडे सोडवून. मोठी चकती तळाशी पडून असली तरी लहानांना तिची अडचण होत नाही, कारण तिच्यावर कोणतीही चकती ठेवता येते.

पायथन भाषेत हे असे लिहिता येते. a ही मनोरा जिथे आहे ती खुंटी, b मदतीची आणि c जिथे न्यायचा ती.

```python
def hanoi(n, a, b, c):
    if n == 0:
        return
    hanoi(n - 1, a, c, b)
    print(n, a, "->", c)
    hanoi(n - 1, b, a, c)
```

`hanoi(3, "A", "B", "C")` असे बोलावले की पुढील सात ओळी छापल्या जातात. प्रत्येक ओळीतील पहिला आकडा चकतीचा, १ म्हणजे सर्वांत लहान.

```
1 A -> C
2 A -> B
1 C -> B
3 A -> C
1 B -> A
2 B -> C
1 A -> C
```

या ओळी कोणत्या क्रमाने उमटतात ते पाहू. तीन चकत्यांचे फंक्शन सुरू होताच काहीही न छापता दोन चकत्यांच्या फंक्शनला बोलावते: A वरून B वर, मदतीला C. तेही काही न छापता एका चकतीच्या फंक्शनकडे जाते, आणि इथे खुंट्यांची अदलाबदल पुन्हा होऊन ‘A वरून C वर’ असे काम हाती येते. ते शून्य चकत्यांना बोलावते, तिथून रिकाम्या हाताने परतते आणि पहिली ओळ छापते. मग दोन चकत्यांचे फंक्शन, जे मध्येच थांबून राहिले होते, आपली ओळ छापते: चकती २ B वर. लगेच लहान चकती C वरून उचलून तिच्यावर बसवली जाते. आता दोघी B वर आहेत, C मोकळी आहे, आणि तीन चकत्यांचे फंक्शन अखेर आपली एकुलती एक ओळ छापते. उरलेल्या तीन ओळी म्हणजे पहिल्या तिन्हींचाच डाव, फक्त खुंट्या बदलून: B वरून C वर, मदतीला A. सर्वांत मोठी चकती नेमकी मधोमध, चौथ्या चालीत हलते, हे यावरून उघड होते.

शिकताना बहुतेकांची चूक होते ती खुंट्यांच्या क्रमात. पहिल्या अंतर्गत कॉलमध्ये `a, c, b` ऐवजी `a, b, c` लिहिले तर दोनच चकत्यांतही लहान चकती C वर जाते आणि दुसऱ्या चालीत मोठी तिच्यावर आदळते. गंमत अशी की छापलेल्या ओळींची संख्या तेव्हाही बरोबरच येते, आणि फंक्शनला चकत्यांचा पत्ता नसल्याने ते तक्रारही करत नाही. त्यामुळे ओळी मोजून समाधान मानू नये. तीन याद्या ठेवून प्रत्येक चाल त्यांवर करून पाहावी, आणि मोठी चकती लहानीवर येते का किंवा रिकाम्या खुंटीवरून उचल होते का, हे तपासावे.

आता चालींची संख्या. n चकत्यांसाठी T(n) चाली लागत असतील, तर वरच्या मनोऱ्याला दोनदा प्रवास करावा लागतो आणि मोठी चकती एकदा हलते:

```
T(n) = 2*T(n-1) + 1
```

म्हणून १, ३, ७, १५, ३१ अशी वाढ होते. काटेकोरपणे संख्या दुप्पट होत नाही, दुप्पट अधिक एक होते; पण प्रत्येकीत एक मिळवला की २, ४, ८, १६, ३२ असे शुद्ध दुपटीचे रूप दिसते आणि T(n) = 2^n - 1 हे सूत्र मिळते. यापेक्षा कमी चालींत भागत नाही. कारण तळाची चकती पहिल्यांदा हलण्याआधी बाकीच्या सगळ्या एकाच खुंटीवर जमाव्या लागतात, आणि ती शेवटची हलून जागेवर बसते त्या क्षणीही त्या पुन्हा एकाच खुंटीवर असतात. दोन्ही प्रवास टाळता येत नाहीत.

हीच दुप्पट उलट्या टोकाकडूनही दिसते, आणि ती मला अधिक पटणारी वाटते. नवी चकती तळाशी न घालता माथ्यावर, सर्वांत लहान म्हणून घाला. जुन्या मनोऱ्याच्या प्रत्येक चालीआधी तिला वाटेतून बाजूला करावे लागते, आणि सगळे संपल्यावर एकदा माथ्यावर बसवावे लागते. जुन्या m चालींमध्ये अशा m + 1 चाली मिसळतात. तीन चकत्यांच्या यादीत बघा: सर्वांत लहान चकती चार वेळा, मधली दोनदा आणि मोठी एकदा हलते.

फंक्शनला लागणारी जागा मात्र फार थोडी असते. २० चकत्यांना १०,४८,५७५ चाली लागतात, तरी एका वेळी थांबून राहिलेली फंक्शने २१ पेक्षा जास्त होत नाहीत. आधीची उत्तरे साठवून वेळ वाचवण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण प्रत्येक चाल प्रत्यक्ष करावीच लागते. केवळ संख्या हवी असेल तर सूत्र पुरते. कोड्यासोबत जोडलेल्या काशीच्या मंदिरातील दंतकथेत ६४ सोन्याच्या चकत्या आहेत. सेकंदाला एक चाल धरली तरी त्यांना ५८,००० कोटींहून अधिक वर्षे लागतील.

दुपटीचे मूळ खुंट्या तीनच असण्यात आहे. चौथी खुंटी दिली की मोठी चकती हलताना लहान चकत्यांना दोन खुंट्यांवर पसरून बसता येते आणि ‘सगळ्या एकाच खुंटीवर’ हा आग्रह सुटतो. आठ चकत्यांना तीन खुंट्यांवर २५५ चाली लागतात, चार खुंट्यांवर ३३ पुरतात.